आरशातला केशरी दिवा

संध्याकाळचे साडेपाच. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमध्ये ताशी 80 किलोमीटरने चालली आहे. उजव्या लेनमध्ये जायचं म्हणून चालक बाजूच्या आरशात पाहतो. मागे कुणी दिसत नाही. आरशाच्या काचेतला छोटा केशरी दिवाही बंद वाटतो. तो इंडिकेटर देतो, स्टीअरिंग किंचित वळवतो आणि अगदी कानाशी हॉर्न वाजतो. एक पांढरी मोटार मागच्या दाराच्या रेषेत आलेली असते. पुढे बोगद्याच्या सावलीत शिरल्यावर आरशातला तोच दिवा लख्ख पेटलेला दिसतो. खरं तर तो आधीही पेटला होता. मावळतीचं ऊन मागून थेट आरशावर पडत होतं आणि चालकाने कधीतरी रात्री डोळ्यांना टोचतो म्हणून दिव्याचा उजेड कमी करून ठेवला होता.

या व्यवस्थेला ब्लाइंड स्पॉट मॉनिटर म्हणतात. ती आता भारतातल्या बऱ्याच मोटारींच्या वरच्या श्रेणीत मिळते. गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये पाच मिनिटांत तिची ओळख करून दिली जाते आणि तिच्यातल्या दोन सेटिंग्ज, म्हणजे दिव्याचा उजेड आणि इशाऱ्याचं अंतर, कारखान्यातून आल्या तशाच राहतात. त्या बदलणं अवघड नाही. मात्र दुसऱ्या सेटिंगचं ‘अंतर’ हे नाव फसवं आहे. ते का, हे कळायला आधी रडार काय पाहतं ते बघावं लागतं.

हे रडार आरशात नसतं. मागच्या बंपरच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या आत एकेक चपटी डबी बसवलेली असते. बाहेरून ती दिसत नाही, कारण प्लॅस्टिकमधून रडारच्या लहरी सहज आरपार जातात. व्होल्वोने 2005 मध्ये ही सोय विकत देताना आरशाखाली कॅमेरे लावले होते. धुकं, चिखल आणि समोरचा झगझगाट यांपुढे कॅमेऱ्याची नजर अडते, त्यामुळे पुढे बहुतेक कंपन्या रडारकडे वळल्या. बरीच वर्षं ही रडार 24 गिगाहर्ट्झवर चालत आली, म्हणजे सेकंदाला 2,400 कोटी कंपनं. नव्या गाड्यांत 77 गिगाहर्ट्झच्या आसपासची रडार येऊ लागली आहेत.

हाक मारली की डोंगरावरून पडसाद येतो, तो यायला किती वेळ लागला यावरून डोंगर किती लांब ते कळतं. रडारचं तत्त्व तेच, पण अडचण वेळेची आहे. 15 मीटर मागे असलेल्या मोटारीवर आपटून लहर परत यायला एका सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. इतका बारीक वेळ थेट मोजणं महागडं काम आहे. म्हणून अभियंत्यांनी एक सुंदर वळसा घेतला, आणि तो गाणं ऐकणाऱ्या माणसाला लगेच समजेल.

रडार एकाच सुरात ओरडत नाही. ते मींड घेतल्यासारखा सूर खालून वर चढवत नेतं. पडसाद परत येईपर्यंत रडारचा स्वतःचा सूर थोडा वर गेलेला असतो आणि परत आलेला सूर आधीचा, किंचित खालचा असतो. तानपुऱ्याच्या दोन तारा नेमक्या जुळलेल्या नसल्या की आवाजात एक लाट ऐकू येते. फरक जितका जास्त, तितकी लाट वेगाने येते. रडारमधले दोन सूर एकमेकांत मिसळले की तशीच लाट तयार होते. समजा, एका हजारांश सेकंदात सूर 20 कोटी हर्ट्झने चढला, तर 15 मीटरवरच्या मोटारीसाठी ही लाट सेकंदाला 20,000 कंपनांची निघते आणि 30 मीटरवरच्या मोटारीसाठी 40,000 कंपनांची. एवढी कंपनं मोजणं साध्या इलेक्ट्रॉनिक्सला सहज जमतं. लाट मोजली की अंतर कळलं.

वेग कळतो तो रुग्णवाहिकेच्या सायरनच्या न्यायाने. जवळ येणारा सायरन चढा वाटतो, दूर जाणारा उतरलेला. 24 गिगाहर्ट्झच्या रडारसाठी मागची गाडी ताशी 30 किलोमीटर जास्त वेगाने जवळ येत असेल, तर परतलेला सूर साधारण 1,300 हर्ट्झने चढलेला असतो. रडार मागोमाग अनेक मींडी घेतं आणि त्यांची तुलना करून अंतरामुळे पडलेला फरक आणि वेगामुळे पडलेला फरक वेगळा काढतं. दिशा कळण्यासाठी डबीत काही मिलिमीटरच्या अंतराने एकाहून जास्त ग्राहक अँटेना असतात. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला निमिषभर आधी ऐकू येतो, तसा पडसादही एका अँटेनाला दुसरीच्या किंचित आधी पोचतो.

म्हणजे रडारच्या हाती प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी येतात: किती लांब, कुठल्या कोनात आणि आपल्या तुलनेत किती वेगाने. चाकांवरच्या सेन्सरकडून त्याला स्वतःच्या गाडीचा वेगही कळत असतो. इथून पुढे त्याचं खरं काम सुरू होतं, आणि ते काम आहे टाकून देण्याचं. गाडी 80 ने चालली असेल तर दुभाजकाचं लोखंडी कठडं, झाडं, पाट्या, कडेला उभे ट्रक हे सगळं रडारला 80 च्याच वेगाने मागे जाताना दिसतं. ‘माझ्याच वेगाने मागे चाललंय, म्हणजे ते उभं आहे’, असा हिशेब करून ते सगळं गाळलं जातं. समोरून येणारी वाहनं त्याहूनही जास्त वेगाने मागे जातात, तीही गाळली जातात. शिल्लक राहतात ती आपल्याच दिशेने, आपल्या जवळपासच्या वेगाने चाललेली वाहनं.

या गाळण्यामुळे एक गोष्ट घडते आणि तिला लोक बिघाड समजतात. ताशी 50 ने चाललेल्या ट्रकला 90 ने मागे टाकताना ट्रक अगदी बाजूला असूनही दिवा लागत नाही. ट्रक झपाट्याने मागे पडतोय, तो काही क्षणांत निघून जाणार, म्हणून रडार त्याची दखल घेत नाही. तोच ट्रक 85 ने चालला असता आणि गाडी त्याला हळूहळू ओलांडत असती, तर दिवा लागला असता.

आता प्रत्यक्ष जागेकडे येऊ. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये ही सोय आहे आणि टोयोटाने आपल्या मालकपुस्तिकांत पाहणीचं क्षेत्र आकड्यांत दिलं आहे, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. गाडीच्या बाजूपासून अर्धा मीटर सोडून साडेतीन मीटरपर्यंतचा पट्टा रडार पाहतं. हा पट्टा मागच्या बंपरच्या साधारण एक मीटर पुढून सुरू होतो आणि बंपरच्या तीन मीटर मागे संपतो. साधारण चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी ही खोली समजा. या खोलीत वाहन आलं की आरशातला दिवा लागतो. त्याच वेळी त्या बाजूचा इंडिकेटर दिला, तर दिवा लुकलुकू लागतो. खोलीच्या मागे एक लांब ओसरीही आहे, बंपरपासून 3 मीटर ते सुमारे 60 मीटर. या ओसरीत मात्र नुसतं वाहन असून भागत नाही. ते वेगाने जवळ येत असेल तरच दिवा लागतो. गाडीचा स्वतःचा वेग ताशी साधारण 16 किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय यातलं काहीही सुरू होत नाही.

इशाऱ्याच्या अंतराची सेटिंग खोलीला हात लावत नाही. ती खोली कायम तेवढीच राहते. सेटिंग बदलली की बदलतं ते ओसरीतलं वागणं: येणाऱ्या वाहनाबद्दल किती आधी सांगायचं, एवढंच. आणि ‘किती आधी’ हे मीटरात नाही, सेकंदात मोजलं जातं. टोयोटाच्या यादीत म्हणूनच त्याला इशाऱ्याची वेळ म्हटलं आहे आणि चार पर्याय दिले आहेत: लवकर, मध्यम, उशिरा, आणि चौथा म्हणजे वाहन खोलीत शिरल्यावरच. या शेवटच्या पर्यायात ओसरी जवळपास बंदच होते.

सेकंदांचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण सेटिंग निवडण्याचा सगळा आधार तोच आहे. अशा यंत्रणांसाठी आयएसओ 17387 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मागचं वाहन सध्याच्या वेगाने आपल्यापर्यंत पोचायला किती सेकंद उरलेत, त्यावर ते इशारा बांधतं. तिथे अडीच सेकंदांपासून साडेतीन सेकंदांपर्यंतच्या पायऱ्या आहेत. आपली गाडी 80 ने आणि मागची 100 ने येत असेल, तर फरक ताशी 20 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अडीच सेकंदांच्या हिशेबाने दिवा ती 14 मीटरवर आल्यावर लागेल, साडेतीनच्या हिशेबाने 19 मीटरवर. आता मागची गाडी 140 ने येत असेल, तर फरक 60 किलोमीटरचा झाला, सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. अडीच सेकंदांना दिवा 42 मीटरवर लागेल, साडेतीनला 58 मीटरवर. सेटिंग तीच असली तरी अंतर तिप्पट झालं. म्हणून ‘माझ्या गाडीचा इशारा किती मीटरवर येतो’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही.

लेन बदलायला साधारण चार सेकंद लागतात. साडेतीन सेकंद आधी मिळालेला इशारा म्हणजे चाक रेषेवर जाण्यापूर्वी मन बदलता येतं. उशिराच्या सेटिंगवर तोच इशारा गाडी सरकायला लागल्यावर येऊ शकतो. द्रुतगती मार्गावर वारंवार जाणाऱ्याने ‘लवकर’ हाच पर्याय ठेवावा, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. शहरातल्या रोजच्या वापरात मात्र लवकरच्या सेटिंगवर दिवा इतका सारखा पेटतो की आठवड्याभरात डोळे त्याची दखल घेणं सोडून देतात. तिथे मध्यम किंवा उशिरा बरं.

एक मर्यादा कुठल्याही सेटिंगने जात नाही. ढाब्यावरून किंवा सर्व्हिस रोडवरून निघून ताशी 30 ने महामार्गावर चढणारी गाडी घ्या. मागून 110 ने कुणी येत असेल तर फरक 80 किलोमीटरचा, सेकंदाला 22 मीटर. रडारची नजरच सुमारे 60 मीटरपर्यंत. म्हणजे त्याला ती गाडी दिसल्यापासून ती येऊन ठेपेपर्यंत जेमतेम पावणेतीन सेकंद. सेटिंग ‘लवकर’वर ठेवली म्हणून रडार त्यापलीकडे पाहू शकत नाही. त्यात कडेने चढताना गाडी तिरकी असते, त्यामुळे ओसरी रस्त्याच्या रेषेत नसते, शेताकडे वळलेली असते. इथे मान वळवून मागे पाहणं हाच उपाय आहे.

सेटिंग बदलण्याची कृती अशी. गाडी थांबवून गिअर `P` मध्ये घ्यावा, पार्किंग ब्रेक लावावा, इंजिन किंवा पॉवर चालू ठेवावी. स्टीअरिंगवरच्या बाणाच्या बटणांनी वेगमापकाशेजारच्या छोट्या पडद्यावर दातेरी चक्राच्या खुणेपर्यंत जावं. यादीत `BSM` निवडावं. नुसतं `OK` दाबलं की सोय चालू किंवा बंद होते, म्हणून तिथे थोडं जपून. `OK` दाबून धरलं की आतली यादी उघडते. तिथे आरशातल्या दिव्याचा उजेड आणि इशाऱ्याची वेळ अशा दोन ओळी मिळतात. उजेडाला जास्त आणि कमी असे दोनच पर्याय आहेत, वेळेला वर सांगितलेले चार. मॉडेल आणि वर्षानुसार याद्यांचा क्रम बदलतो. काही नव्या गाड्यांत हे सगळं मधल्या मोठ्या पडद्यावर, गाडीच्या सेटिंग्जमध्ये गेलं आहे. ह्युंदाईच्या गाड्यांत चालक-साहाय्याच्या यादीत इशाऱ्याची वेळ आणि आवाज बदलता येतो. ऑडीमध्ये दिवा बाहेरच्या उजेडाप्रमाणे आपोआप कमीजास्त होतो आणि त्यावर आपल्या पसंतीची पातळीही ठरवता येते.

उजेड ठरवताना बहुतेक जण एक चूक करतात. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, अंधारात बसून सेटिंग बदलतात. तिथे कमी उजेडही भरपूर वाटतो. आरशाची काच मागच्या दिशेला तोंड करून असते, त्यामुळे दिव्याचा खरा शत्रू म्हणजे पाठीमागून येणारं तिरपं ऊन. मुंबईहून पुण्याला संध्याकाळी आणि पुण्याहून मुंबईला सकाळी जाताना नेमकं तेच ऊन असतं. पारख करायची तर त्या वेळी, सहप्रवाशाला सोबत घेऊन. दिवा लागला की सहप्रवाशाने सांगावं आणि चालकाला तो नजरेच्या कडेने, मान न वळवता जाणवला का ते पाहावं. गडद काळा गॉगल लावायची सवय असेल तर तो लावूनच पाहावं. तीव्र उन्हात दिवा दिसायला कठीण जाऊ शकतो, हे टोयोटाची पुस्तिकाही मान्य करते. पावसाळी रात्री उलटा त्रास होतो: जास्त उजेडाचा दिवा दाराच्या ओल्या काचेवर पसरतो आणि आरशातलं चित्र पुसट करतो. रात्रीचाच प्रवास जास्त असेल तर कमी उजेड ठेवायला हरकत नाही. फक्त दिवसा निघताना तो परत वाढवायची आठवण ठेवावी लागते. सुरुवातीच्या प्रसंगात नेमकी तीच राहून गेली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दुचाकीची आहे. कंपन्यांच्या पुस्तिका एका आवाजात सांगतात की लहान मोटारसायकली, सायकली आणि पायी चालणारी माणसं ओळखली जातीलच असं नाही. कारण सरळ आहे. मोटारीचा किंवा ट्रकचा मोठा धातूचा पत्रा लहरी भरभरून परत पाठवतो. स्कूटरचा परतावा तुटपुंजा असतो आणि बाजूला कंटेनर असेल तर त्याच्या दणदणीत पडसादात तो हरवून जातो. त्यात आपल्याकडे दुचाकी लेनच्या मधोमध येत नाही, दोन गाड्यांच्या फटीतून येते. गाडीच्या अंगालगतचा अर्धा मीटर रडारच्या खोलीत येतच नाही. खोली मागच्या बंपरच्या जेमतेम एक मीटर पुढे संपते, म्हणजे पुढच्या दाराशी आलेला स्कूटरस्वार रडारच्या दृष्टीने तिथे नसतो. आणि सिंहगड रस्त्यावर किंवा सायन-पनवेलवर कोंडीत गाडी 16 च्या खाली रांगत असेल, तर यंत्रणा मुळात जागीच नसते. इशाऱ्याची वेळ ‘लवकर’ करून यातलं काहीही सुधारत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे तिथे हा दिवा जितका भरवशाचा, तितका तो लक्ष्मी रस्त्यावर नाही.

डावी बाजू तर आणखी अवघड. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, डावा आरसा त्याच्यापासून लांब असतो आणि दुचाकीस्वार डावीकडूनच पुढे घुसतात. इथे एका अमेरिकन अभियंत्याचं जुनं काम कामाला येतं. जॉर्ज प्लॅट्झर यांनी 1995 मध्ये आरशांच्या भूमितीवर एक निबंध मांडला. बहुतेक चालक बाजूच्या आरशात आपल्याच गाडीची बाजू भरपूर दिसेल असं तो लावतात, त्यामुळे तीच जागा आतल्या आरशात आणि बाहेरच्या आरशात दोनदा दिसते, हे त्यांनी दाखवलं. त्यांची पद्धत अशी: उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवावं आणि गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवावा. डावा आरसा लावताना डोकं गाडीच्या मध्यावर न्यावं आणि तसंच करावं. आरसा हलवल्याने रडारला काही फरक पडत नाही, ते बंपरमध्ये असतं. पण रडार ज्या स्कूटरला चुकवतं, ती आरशात दिसण्याची शक्यता वाढते.

कधी दिवा उगाचच लागतो. बोगद्याच्या भिंतीजवळून, कठड्याला चिकटून किंवा अरुंद लेनमधून जाताना, पावसात मागच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यामुळे, असं अधूनमधून होतं. तो बिघाड नव्हे. घाटातल्या वळणांवरही खोली पलीकडच्या लेनमध्ये जाते आणि तिथल्या गाडीसाठी दिवा लागतो. बंपरच्या कोपऱ्यावर चिखलाचा थर बसला तर पडद्यावर यंत्रणा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो, आणि पाण्याने धुतलं की तो बहुधा जातो.

खरी काळजी करावी ती बंपरला धक्का लागल्यावर, आणि त्याहूनही त्याच्या दुरुस्तीनंतर. पार्किंगमध्ये कोपरा घासला, नेहमीच्या डेंटर-पेंटरकडे गाडी दिली, त्याने खळग्यात पुट्टी भरली, वर रंगाचे दोन-तीन हात मारले. बाहेरून बंपर नवा दिसतो. आत मात्र रडारसमोर आता जाड थर उभा आहे. त्यातून लहरी कमी जातात आणि वाकतातही. टोयोटा याच कारणाने या भागावर स्टिकर लावू नका, कंपनीच्या ठरलेल्या रंगाखेरीज दुसरा रंग देऊ नका असं बजावते. धक्क्याने डबीचा कंस दोन-तीन अंशांनी जरी फिरला, तरी ती शेजारची लेन सोडून त्यापलीकडची पाहू लागते: तीस मीटरवर तीन अंश म्हणजे दीड मीटरची चूक.

ही चूक ओळखायला यंत्र लागत नाही, दोन्ही बाजूंची तुलना पुरते. मोकळ्या तीन पदरी रस्त्यावर मधल्या लेनमध्ये एकसारख्या वेगाने जावं. मागून येणारी गाडी आतल्या आरशातून नाहीशी होऊन बाजूच्या आरशात येते त्या सुमारास दिवा कधी लागतो आणि ती पुढे गेल्यावर कधी विझतो, हे सहप्रवाशाने पाच-सहा गाड्यांसाठी उजवीकडे आणि तितक्याच डावीकडे टिपावं. डावीकडच्या गाड्या सहसा हळू असतात, तेव्हा वेग थोडा कमी करून त्यांना सावकाश पुढे जाऊ द्यावं. एका बाजूला दिवा सतत उशिरा लागत असेल, रिकाम्या लेनसाठी लागत असेल किंवा शेजारची लेन सोडून त्यापलीकडच्या गाडीसाठी लागत असेल, तर ती बाजू तिरकी झाली आहे. अधिकृत सेवा केंद्रात रडारचा कोन तपासून पुन्हा लावून घ्यावा लागतो. बंपर बदलण्याच्या अंदाजपत्रकात हे काम धरलं आहे का, हे विमा कंपनीकडे कागद जाण्याआधीच विचारून घ्यावं, कारण गाडी हातात आल्यावर ते वेगळं बिल होऊन येतं.